पुणे–कोल्हापूर, बाजूचा वारा 40 नॉट: सरावाची नोंद

या आठवड्यात सिम्युलेटरवर सेस्ना 172 घेऊन पुण्याहून कोल्हापूरला सरळ रेषेत जाण्याचा सराव तीनदा केला. अंतर सुमारे 117 नॉटिकल मैल, मार्ग 170 अंशांचा आणि हवेतील खरा वेग 100 नॉट. जोरदार मोसमी वाऱ्यासारखा 40 नॉटचा स्थिर वारा 260 अंशांकडून ठेवला, म्हणजे तो मार्गाच्या उजवीकडून बरोबर काटकोनात येतो. (5500 फुटांवर 100 नॉट खऱ्या वेगासाठी वेगमापकावर सुमारे 92 नॉट दिसतात, गणितात खराच वेग घ्यावा लागतो.)

पहिल्या खेपेस नाक 170 वरच ठेवले. 100 आणि 40 या काटकोनातील सदिशांची बेरीज सुमारे 108 नॉट येते आणि तिची दिशा नाकापासून 22 अंश डावीकडे असते. जीपीएसवरही मार्ग 148 आणि भूवेग 108 दिसला.

दुसऱ्या खेपेस मी ते 22 अंश उजवीकडे फिरवून नाक 192 वर धरले आणि तरीही कोल्हापूरच्या पूर्वेला सुमारे 3 नॉटिकल मैल गेलो. चूक शोधायला एक संध्याकाळ लागली. पहिल्या उड्डाणात वारा नाकाला काटकोनात होता, म्हणून टॅन्जंट चालला. आता वारा मार्गाला काटकोनात हवा आहे, त्यामुळे त्रिकोणाचा कर्ण भूवेग नसून 100 नॉटचा हवेतील वेगच असतो. या वेगाच्या आडव्या घटकाने वारा पूर्ण खोडून काढायचा असल्याने कोनाचा साइन 40 भागिले 100 होतो. कोन 23.6 अंश येतो, म्हणून नाक 194 वर.

तिसऱ्या खेपेस तसेच केले. कोन वरच्या पूर्णांकात घेतल्यामुळे पश्चिमेला मैलाहून थोडा कमी फरक राहिला, तो चालण्यासारखा आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो भूवेग: 100 चा वर्ग वजा 40 चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे 92 नॉट. वारा अगदी बाजूचा असूनही 8 नॉट गेले, कारण वेगाचा काही भाग वाऱ्याशी झुंजण्यात खर्च होतो. वारा नसता तर 70 मिनिटे लागली असती, तेथे 77 लागली. परतीच्या 350 च्या मार्गावर नाक 326 वर ठेवावे लागेल, पण भूवेग तोच राहील. गेलेली मिनिटे परतताना भरून निघत नाहीत.

पुढच्या सरावात वारा 240 अंशांकडून असेल. त्याचा आडवा घटक 37.6 नॉट आणि समोरून येणारा 13.7 नॉट होतो. आडव्या घटकावरून कोन 22 अंश, नाक 192 वर. उरलेल्या सुमारे 92.7 नॉटमधून समोरचा घटक वजा केला की भूवेग 79 येतो. हे आकडे उड्डाणापूर्वीच वहीत लिहून ठेवले आहेत.