जनरल रजिस्टरपासून पावतीपर्यंत : आमच्या शाळेत ईआरपी बसवतानाचा माझा अनुभव

आमची शाळा विनाअनुदानित, तालुक्याच्या गावातली, पहिली ते दहावी. कार्यालयाचं काम माझ्याकडे. संस्थेने ईआरपी, म्हणजे शाळेचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना फी मॉड्यूल आधी हवं होतं, कारण जूनमध्ये खिडकीसमोर लागणारी रांग सगळ्यांना दिसते. मी मात्र आग्रह धरला की आधी विद्यार्थ्यांच्या नोंदी, मग फी आणि शेवटी वेळापत्रक. फीचं खातं विद्यार्थ्याच्या नोंदीला जोडलेलं असतं. एकच मूल दोनदा चढलं तर बाकीही दोनदा लागते, आणि मग रांगेतल्या पालकाला तोंड आपल्यालाच द्यावं लागतं.

पहिला प्रश्न होता की मूल ओळखायचं कशावरून. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, नावं सारखी असतात आणि भावंडांचा मोबाइल नंबर एकच असतो. उरला जनरल रजिस्टरचा नंबर, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलाची नोंद होते त्या रजिस्टरचा. पण आमच्याकडे प्राथमिकचं आणि माध्यमिकचं रजिस्टर वेगळं, आणि दोन्ही एकपासून सुरू झालेली. म्हणजे ४१२ नंबर दोन मुलांचा. कंपनीच्या मुलाने सरळ नवे नंबर देऊ का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टरचाच नंबर जातो, आणि वीस वर्षांनी कोणी दुय्यम प्रत मागायला आलं तर तोच शोधावा लागतो. म्हणून जुने नंबर ठेवून पुढे अक्षर लावलं, P-0412 आणि S-0412.

नंतर खरं काम एक्सेलच्या फाइलीने काढलं. शिक्षण विभागाच्या सरल पोर्टलवरचा विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो, आणि एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. त्या रकान्यात `2.01527E+18` असं दिसू लागलं. रकान्याचा फॉरमॅट `Number` केल्यावर पूर्ण आकडा दिसला, पण प्रत्येकाचे शेवटचे चार अंक शून्य. एकदा गेलेले अंक फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. पोर्टलवरून यादी पुन्हा उतरवली, रिकाम्या फाइलीत तो रकाना आधी `Text` केला आणि मगच माहिती आत घेतली. शेवटी 0000 असलेले क्रमांक शोधले की ही गडबड लगेच कळते.

जन्मतारखांची चूक याहून घातक, कारण ती दिसत नाही. त्या संगणकावर तारीख अमेरिकन पद्धतीची होती. ०३/०७/२०१४, म्हणजे तीन जुलै, एक्सेलने मुकाट्याने सात मार्च करून टाकली. २५/०७/२०१४ मात्र त्याला तारीखच वाटली नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती नुसती अक्षरं म्हणून राहिली. ओळखायची खूण अशी की अक्षरं रकान्यात डावीकडे चिकटतात आणि तारखा उजवीकडे. आमच्या रकान्यात दोन्ही प्रकार मिसळलेले दिसले तेव्हाच मी आयात थांबवली. संगणकाची तारीख-पद्धत `dd/mm/yyyy` केली, फाइल नव्याने घेतली आणि बारा किंवा त्याच्या आतला दिवस असलेली प्रत्येक तारीख वर्गशिक्षकांकडून मूळ रजिस्टरशी ताडून घेतली. रजिस्टरमध्ये जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते, तिचा इथे फार उपयोग झाला. हीच तारीख पुढे दहावीच्या बोर्डाच्या अर्जात जाते, म्हणून इथे घाई करू नये असं मी ठामपणे सांगते.

नावांच्या बाबतीत रजिस्टरचं नाव मुख्य धरलं आणि आधारवरच्या नावासाठी वेगळा रकाना ठेवला. अपार, म्हणजे देशभर चालणारा विद्यार्थ्याचा एकच क्रमांक, काढताना दोन्ही जुळावी लागतात. कुठे जुळत नाहीत याची यादी त्यामुळे आयती मिळाली.

आता फी. वर्षाची फी २४,०००, चार हप्ते, प्रत्येकी ६,०००. मागची बाकी आम्ही नव्या फीत न मिसळता मागील बाकी या वेगळ्या सदराखाली ठेवली, नाहीतर पालकाने भरलेली रक्कम सॉफ्टवेअर कुठे जमा करतं तेच समजत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशातल्या मुलांचा फी-गट वेगळा केला, आणि त्यांची रक्कम शासनाकडून येणं म्हणून दाखवली. पालकाच्या नावावर ती बाकी दाखवली असती, तर थकबाकीचा आपोआप जाणारा मेसेज त्या घरी गेला असता. ज्या आईवडिलांचं काही देणं नाही त्यांना असा मेसेज जाणं मला अजिबात मान्य नव्हतं, म्हणून सुरू करायच्या आधी मुख्याध्यापिका बाईंसमोर त्या गटाचे मेसेज बंद करून घेतले. बाकी असेल तर दाखला निघू नये, असं एक कुलूपही आत होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये शाळा बदलणाऱ्या मुलाचा दाखला लगेच द्यायला सांगितलं आहे, म्हणून पहिली ते आठवीसाठी तेही काढलं.

ऑनलाइन भरणा सुरू झाल्यावर एका दिवसाचा हिशेब जुळेना. ईआरपीत १३ पावत्या, म्हणजे ७८,०००, आणि बँकेत जमा ८४,०००. त्या दिवशी सगळे पैसे यूपीआयने आले होते, आणि आमच्या करारात यूपीआयवर शुल्क नव्हतं, त्यामुळे कापाकापीचा प्रश्न नव्हता. फरक बरोबर एका हप्त्याएवढा, तेव्हा कोणीतरी दोनदा भरलेत असं वाटलं. पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आमच्या बँकेत जमा करणाऱ्या सेवेचा, सेटलमेंट रिपोर्ट काढला तर त्यात १४ व्यवहार होते. सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी रात्री पैसे भरले, मोबाइलवर पेंडिंग दिसलं, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा भरले. पहिला व्यवहार नंतर यशस्वी झाला, पण तोवर ईआरपीतलं ते पान बंद झालं होतं आणि त्याची पावती बनली नव्हती. दोन्हींचे यूटीआर, म्हणजे बँकेकडून प्रत्येक व्यवहाराला मिळणारे नंबर, वेगळे होते, त्यावरून ते दोन खरे व्यवहार आहेत याची खात्री झाली. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, परत नको, पुढच्या हप्त्यात धरा.” तसं लेखी घेऊन पुढच्या हप्त्याची पावती पहिल्या व्यवहाराच्या यूटीआरवर केली.

तेव्हापासून रोज सकाळी तीन कागद शेजारी ठेवते. ईआरपीतल्या पावत्या, गेटवेचा रिपोर्ट आणि बँकेचं स्टेटमेंट. जुळणी तारखेवर करत नाही. शनिवारी भरलेले पैसे खात्यात सोमवारी येऊ शकतात, आणि कार्डाने भरलेल्यांतून शुल्क कापलं जातं. म्हणून गेटवे ते बँक सेटलमेंट नंबरवर आणि गेटवे ते पावती व्यवहार क्रमांकावर जुळवते. पालक स्क्रीनशॉट दाखवतात, पण त्यावर पावती देत नाही. रिपोर्टमध्ये व्यवहार दिसला की देते.

वेळापत्रकाला त्या मानाने कमी त्रास झाला, पण अडकलं ते पुन्हा नोंदींपाशीच. नववी-दहावीत काही मुलं संपूर्ण हिंदी घेतात, काही संयुक्त हिंदी-संस्कृत. त्या तासाला तुकडी फुटते आणि दोन शिक्षक एकाच वेळी लागतात. सॉफ्टवेअर तुकडीला एका वेळी एकच शिक्षक देत होतं आणि संस्कृतचे तास उरले असं दाखवत होतं. प्रत्येक मुलाच्या नोंदीत विषयाची निवड भरली, त्यावरून दोन गट केले आणि ते तास समांतर म्हणून बांधले, तेव्हा वेळापत्रक बसलं. नववीच्या दोन्ही तुकड्यांचा संस्कृतचा तास एकाच वेळी ठेवल्यामुळे संस्कृतच्या बाईंना दोन्हीकडची मुलं एकत्र घेता आली. बदली तास मात्र अजून पर्यवेक्षक सर सकाळी हातानेच लावतात. कोण रजेवर आहे हे आठच्या सुमाराला फोनवर कळतं, आणि कोणत्या वर्गावर कोणाला पाठवायचं हे ते सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं जाणतात. लावलेले तास ते नंतर ईआरपीत चढवतात.