शुद्धिपत्रक

मंगळवार, रात्र

दुपारी भाच्याचा फोन. "मामा, तुमची गाण्यांवरची व्याख्यानं कॅनडात बघतात लोक." म्हटलं, थट्टा पुरे. उभी नोकरी बारनिशीवर आवक-जावक लिहिण्यात गेली, मला कोण बघणार? पण खरं निघालं. तिकडे एक बाई मुलांना गाणं शिकवतात आणि माझी व्याख्यानं वर्गात लावतात. जुनी आहेत ती. तेव्हा समोर वीसेक माणसं असायची, त्यातली चार डुलक्या काढणारी. कॅमेरा भाच्याचाच.

पुढचं वाक्य त्याने जरा चाचरत सांगितलं. "बाई म्हणतात, काका देशकार म्हणून जे गातात, त्याला मुलं भूप म्हणतात."

व्याख्यान होतं 'ज्योती कलश छलके'वर. 1961 चं गाणं, सुधीर फडक्यांची चाल, लताबाईंचा आवाज. कोणी त्याला भूप म्हणतं, कोणी देशकार. दोन्ही रागांचे स्वर तेच, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. मग फरक कशात, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्याचा मुक्काम गंधारावर. देशकार सकाळचा, तो धैवताभोवती घोटाळतो आणि रिषभाला फार थारा देत नाही. हे सगळं बरोबर सांगितलं. नंतर गाऊन दाखवलं.

संध्याकाळी ते लावलं. पंख्याची घरघर, माझ्या खिशाला दोन पेनं, आणि मी डोळे मिटून गातोय. 'ग प ध प' इथपर्यंत ठीक. मग आवाज 'ग रे'वरून अलगद उतरला आणि परत गंधारावर येऊन बसला. एकदा नाही, तीनदा. तोंडाने देशकार सांगत होतो आणि गळ्यातून भूप निघत होता! वर "ऐकलंत?" असंही विचारलं मी. लोकांनी माना डोलावल्या.

पेटी काढली. 'सा ग प ध, ध प', धैवतावर थांबायचं, लांबवायचं, रिषभाला नुसतं शिवून जायचं. चौथ्या वेळी जमलं. खोलीत एकदम सकाळ झाल्यासारखं वाटलं. बाहेर साडेआठ झाले होते, म्हणजे भूपाचीच वेळ.

कचेरीत खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. चूक खाली वाचता आली पाहिजे. भाचा म्हणाला, तेवढा भाग कापून टाकतो. मी नको म्हटलं. व्याख्यानाच्या खाली लिहायचा मजकूर त्याला सांगितला: "गाऊन दाखवलेला देशकार प्रत्यक्षात भूप आहे. चूक वक्त्याची. दुरुस्ती मुलांची."

बाईंनी विचारलंय, मुलांशी बोलाल का. शनिवार ठरलाय. त्यांची सकाळ असेल. तोवर धैवत घोटायचाय.