पाटीवरचे 14 अँपिअर आणि रिलेवरचे 8

गिरणीची मोटर जळाली, तेव्हा वाइंडिंग करणाऱ्या काकांनी मोटर आणण्याआधी तिच्या पाटीचा फोटो पाठवायला सांगितले. पाटीवर पीठ आणि तेलाचा थर होता. मी मेन स्विच बंद केला, रॉकेलच्या फडक्याने पाटी पुसली आणि समोरून नव्हे, तर बाजूने तिरपी टॉर्च धरून फोटो काढला. अक्षरे ठोकलेली असल्यामुळे तिरप्या उजेडात प्रत्येक आकड्याला सावली येते, आणि एरवी 1460 वाटणारा आकडा 1450 आहे हे स्पष्ट दिसते.

पाटीवर होते: 7.5 किलोवॉट, 415 व्होल्ट डेल्टा, 14 अँपिअर, 1450 आरपीएम, 50 हर्ट्झ, कार्यक्षमतेची श्रेणी आयई2, कार्यक्षमता 88.7 टक्के, पॉवर फॅक्टर 0.84.

मी इतकी वर्षे समजत होतो की 7.5 किलोवॉट म्हणजे मोटर ओढते ती वीज. काकांनी सांगितले की ती शाफ्टवर मिळणारी ताकद, म्हणजे सुमारे 10 हॉर्सपॉवर. ओढली जाणारी वीज काढायला 7.5 ला 0.887 ने भागायचे. उत्तर येते साधारण 8.45 किलोवॉट. त्याच मापाच्या आयई3 मोटरची कार्यक्षमता 90.4 टक्के असते, म्हणून ती पूर्ण भाराला सुमारे 8.3 किलोवॉटच घेते. आता 8450 ला 1.732, 415 आणि 0.84 यांच्या गुणाकाराने भागले की बरोबर 14 अँपिअर येतात. फोटोतला एखादा आकडा पुसट असेल, तर या हिशेबाने तो पडताळता येतो.

वेगाचा आकडाही असाच तपासता येतो. चार पोलच्या मोटरमध्ये 50 हर्ट्झला चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि पूर्ण भाराखाली रोटर त्याच्या थोडा मागे, इथे 1450 वर, फिरतो.

मोटर का जळाली, याचे उत्तर मात्र 14 या आकड्यातच होते. आमचा स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवणारा आहे आणि त्यातला ओव्हरलोड रिले, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की पडून मोटर बंद करणारा रिले, मुख्य तारेवर नसून वाइंडिंगच्या तारांवर आहे. डेल्टात वाइंडिंगमधून तारेतल्या करंटच्या 0.58 पटच करंट जातो, म्हणजे सुमारे 8.1 अँपिअर. मी पाटी पाहून रिले 14 वर लावला होता; त्यामुळे तारेत 24 अँपिअर होईपर्यंत तो पडणारच नव्हता. जात्याचा भार वाढला, मोटर कित्येक दिवस तापत राहिली आणि रिले एकदाही पडला नाही. माझ्या त्या चुकीची मला आजही हळहळ वाटते.

मोटर पुन्हा बसवल्यावर रिले 8.1 वर लावला आणि गहू दळताना क्लॅम्प मीटर मुख्य तारेला लावून पाहिला. तिन्ही फेजवर साडेअकरा ते बारा अँपिअर होते.