रात्रीच्या लघवीचा हिशेब

"डॉक्टर, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं. हे प्रोस्टेटच असणार ना? की शुगर?"

किती वेळा उठता यापेक्षा दर खेपेला किती होते, हे मला आधी हवं असतं. ते कुणालाच सांगता येत नाही. अर्धवट झोपेत कोण मोजतंय! म्हणून मी तीन दिवसांचा हिशेब लिहून आणायला सांगतो. मिलीलिटरच्या खुणा असलेलं भांडं बाथरूममध्ये ठेवायचं, शेजारी वही. दर वेळी वेळ आणि माप लिहायचं, काय किती प्यायलात तेही. झोपण्याआधीची लघवी दिवसाच्या खात्यात धरायची आणि सकाळची पहिली मात्र रात्रीच्या खात्यात, कारण ती झोपेतच तयार झालेली असते. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ अशी वही घेऊन आले होते. प्रोस्टेटची गोळी चालू होती, तरी रात्रीच्या खेपा तेवढ्याच. एका रात्रीची नोंद अशी: १ वाजता ३०० मिली, ३ वाजता २८०, ५ वाजता २६०, सकाळी ७ ला २१०. बेरीज १०५०. चोवीस तासांची एकूण लघवी १९००, म्हणजे निम्म्याहून जास्त एकट्या रात्रीत. पासष्टीनंतर रात्रीचा वाटा एक तृतीयांशापर्यंत असला तर मी काळजी करत नाही. तरुणपणी तो पाचव्या हिश्श्याच्या आत असतो.

प्रोस्टेटमुळे अडचण असली की लघवी सहसा थोडी थोडी होते. सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक असते आणि उठल्यावरही काही राहिल्यासारखं वाटतं. यांची धार चांगली होती. मूत्राशय खरोखरच भरत होतं, म्हणून जाग येत होती. मग प्रश्न उरतो तो रात्री एवढी लघवी तयार का होते हा.

मी त्यांना मोजे काढायला सांगितले. घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ होता आणि नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडत होता. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि किडन्या ते रात्री बाहेर काढतात. रक्तदाबासाठी ते अम्लोडिपिन घेत होते, आणि त्या गोळीने पायांना सूज येऊ शकते. तरी आधी हृदय आणि किडनी तपासून घेतली; तिथून सूज येत असेल तर मामला वेगळा. दोन्ही ठीक निघाल्यावर गोळी बदलली आणि दुपारनंतर तासभर पाय उशांवर उंच ठेवून पडायला सांगितलं. काही आठवड्यांनी ते रात्री एकदाच उठू लागले.

अशाच मोठ्या मापांच्या वह्या जोरात घोरणाऱ्यांच्याही असतात. झोपेत श्वास अडकतो, हृदयावर ताण येतो आणि त्यातून सुटणारं संप्रेरक किडन्यांना जास्त लघवी करायला लावतं. त्यामुळे मी घोरण्याबद्दल विचारतोच, शक्यतो जोडीदाराला.

बायकांच्या वहीत बहुतेकदा उलटं चित्र दिसतं: ८० मिली, १०० मिली, पण घाई एवढी की दारापर्यंत पोहोचणं मुश्कील. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं, मूत्रमार्गाचं अस्तर नाजूक होतं आणि मूत्राशय लवकर कुरकुरायला लागतं. त्यात जळजळ असेल तर आधी लघवीची तपासणी करून संसर्ग नाही ना ते पाहायचं. अंग खाली सरकलं असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. हे सगळं तपासण्याजोगं असतं. पण कितीतरी जणी "वयाचं आहे" म्हणून सोडून देतात, याचा मला राग येतो.

आता शुगर. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. अशा वेळी माप रात्रीच नाही, दिवसाही मोठं असतं, आणि तहानही लागते. शुगर ताब्यात असूनही लघवी जास्त होत असेल तर गोळ्यांची नावं बघावीत: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचं कामच लघवीतून साखर काढून टाकणं हे आहे. त्या बंद करू नका, कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. मधुमेह जुना असेल तर मूत्राशयाच्या नसा मंदावतात. लघवी झाल्यावर सोनोग्राफीत किती शिल्लक राहते ते बघितल्याशिवाय हे कळत नाही, कारण माणसाला स्वतःला ते भरलेलं जाणवतच नाही.

आणि साखर वाढलेली असताना रात्री उठायला नको म्हणून पाणी तोडू नका. लघवी साखरेमुळे होतच राहते आणि शरीर मात्र कोरडं पडतं. झोपण्याआधीच्या दोन तासांत चहा-कॉफी टाळा, ते चालेल. तहान लागली तर पाणी प्या.