गोलफलकाचा अंक: डोन्ट केअरनं वाचवलेले गेट आणि बाराला दिसलेला ९

आमच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळतात. कोल्हापुरात पेठ म्हटली की फुटबॉल आलाच. त्यांच्यासाठी एका अंकाचा गोलफलक करायला घेतलाय: गोल झाला की बटण दाबायचं, आकडा एकानं वाढणार, नवानंतर परत शून्य. मोजलेला आकडा सात सेगमेंटांच्या डिस्प्लेवर उमटवणाऱ्या डिकोडरची तयार आयसी बाजारात मिळते, पण मला तो साध्या गेटांतून, समीकरणं लहान करायचा चौकटींचा तक्ता म्हणजे के-मॅप स्वतः मांडून करायचा होता. गेल्या वेळी मॅप कागदावर होते. आता सगळं ब्रेडबोर्डवर आहे आणि एक गोष्ट अशी सापडली की ती सविस्तर लिहायलाच हवी.

आधी मॅपचं. चार इनपुट, `A` सर्वांत मोठ्या वजनाचा म्हणजे ८ चा, `D` एकाचा. सोळा घरांपैकी ० ते ९ ची दहा घरं ठरलेली, १० ते १५ हे आकडे येणारच नाहीत असं धरून त्यांची सहा घरं डोन्ट केअर. त्या घरांत X लिहायचा आणि गट मोठा होत असेल तर तो १ समजायचा, नाहीतर ०. फायदा किती होतो ते `e` सेगमेंटवर लगेच दिसतं. तो ०, २, ६ आणि ८ ला पेटतो. X ची घरं शून्य धरली, तर दोन-दोनचेच गट पडतात आणि `B'C'D' + A'CD'` असं उत्तर येतं. X वापरले, तर १० चं घर ०, २, ८ ला येऊन मिळतं, १० आणि १४ ची घरं २ आणि ६ ला मिळतात, चार-चारचे दोन गट होतात आणि उरतं `B'D' + CD'`. `f` मध्ये तर आणखी मोठा फरक पडतो. ८ आणि ९ ची घरं सहाही X घेऊन आठाचा गट करतात, म्हणून तिथे नुसता `A` पुरतो.

सातही मॅप सोडवल्यावर शेपटीवाला ६ आणि शेपटीवाला ९ धरून हे आलं:

```
a = A + C + BD + B'D'
b = B' + CD + C'D'
c = B + C' + D
e = B'D' + CD'
d = e + A + B'C + BC'D
f = (A + BC') + C'D' + BD'
g = (A + BC') + B'C + CD'
```

यात `A'` कुठेच नाही, म्हणजे इन्व्हर्टर तीनच लागतात. `d` मध्ये आख्खा `e` बसतो, `f` आणि `g` मध्ये `A + BC'` सामाईक आहे. हे दोन तुकडे वाटून घेतल्यावर दोन इनपुटांचे ऑर गेट बरोबर सोळा झाले, म्हणजे ७४३२ च्या चार आयसी. अँड नऊ, त्यांना ७४०८ च्या तीन. एक ७४०४. सगळ्या एचसी मालिकेतल्या, एकूण आठ. वाटून घेतलं नसतं तर अठरा ऑर लागले असते आणि पाचवी ७४३२ आणावी लागली असती. डिस्प्ले कॉमन कॅथोड, प्रत्येक सेगमेंटला ६८० ओहम.

डीआयपी स्विचनं ० ते ९ तपासले, सगळे चोख. मग मोजणीला ७४९३ लावली. ही ० ते १५ मोजते, म्हणून २ आणि ८ वजनाचे आउटपुट (पाय ९ आणि ११) तिच्या दोन रिसेट पायांना, २ आणि ३ ला, जोडले. दहा आला की दोन्ही एकदम हाय होतात आणि लगेच शून्य. तो दहा इतका थोडा वेळ टिकतो की डोळ्याला दिसतच नाही.

परवा लाइट गेली आणि पाच मिनिटांनी आली. शेजारचा पोरगा फलकाकडं बघून म्हणाला, "काका, मॅच चालू व्हायच्या आधीच नऊ गोल?" चालू होताना फ्लिप-फ्लॉप कुठल्याही स्थितीत बसू शकतात, त्यामुळं ९ दिसण्यात नवल नव्हतं. पण मी बटण दाबलं तर ० ऐवजी ५ आला. परत दाबलं तर ०. पुढं १, २, ३ सगळं नीट.

बटण थरथरत असेल, असं पहिल्यांदा वाटलं. म्हणून सप्लाय दहा वेळा बंद-चालू केला. कधी ०, कधी ४, कधी ८. पण ९ ने सुरुवात झाली तेव्हा दोन्ही वेळा पुढं ५ आणि मग ०. थरथर इतकी नेमकी नसते. तिसऱ्यांदा ९ आल्यावर बटणाला हात न लावता मल्टिमीटर घेतला. खऱ्या नवात ४ वजनाचा पाय, म्हणजे पाय ८, लो असायला हवा. तिथे पाच व्होल्ट होते. १ वजनाचा पाय लो होता. म्हणजे आत १२ होता!

मग समीकरणांत १० ते १५ घालून पाहिले. `A` एक झाला की `a`, `d`, `f`, `g` हे चारही पेटतात, कारण चौघांतही तो सुटा उभा आहे. `c` दहाला सोडून सगळीकडं पेटतो. हे पाच पेटले की ५ झालाच. त्यात `b` मिळाला तर ९, `e` मिळाला तर ६. म्हणून ११, १२ आणि १५ ला ९ दिसतो, १३ ला ५, १४ ला ६. फक्त दहाला `c` विझलेला एक विचित्र आकार येतो. X लिहिताना मी ती घरं मोकळी सोडली असं मनात धरलं होतं, पण गट पाडले त्याच क्षणी प्रत्येक घरात ० किंवा १ बसला होता.

आणि १२ का टिकला, तेही उलगडलं. रिसेटला २ आणि ८ एकत्र हवेत. १०, ११, १४ आणि १५ मध्ये ते आहेत, १२ आणि १३ मध्ये २ नाही. म्हणून काउंटर १२ ला बसला की ९ दिसतो, मग १३ चा ५, मग १४ लागताच रिसेट.

आता उपाय. सातही मॅप X शिवाय परत सोडवले तर `A'` सगळीकडं घुसतो आणि आयसी वाढतात. त्यापेक्षा X आहेत तसेच ठेवून आख्खा डिस्प्ले विझवणं स्वस्त पडतं. चुकीचा आकडा ओळखायला एवढंच लागतं:

```
invalid = A(B + C)
```

ऑर एकही शिल्लक नव्हता, पण अँड तीन आणि इन्व्हर्टर तीन उरले होते. `B'` आणि `C'` चा अँड करून उलटा केला की `B + C` मिळतो. त्याचा `A` शी अँड, तो परत उलटा, आणि १ किलोओहममधून बीसी ५४७ च्या बेसला. कॉमन कॅथोड आता या ट्रान्झिस्टरमधून ग्राउंडला जातो. सेगमेंटला साधारण ४ मिलिअँप, सात मिळून २८ च्या आसपास, म्हणजे त्याला काहीच जड नाही. नवीन आयसी एकही नाही, फक्त एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर. आता १२ ला डिस्प्ले काळा राहतो, १३ लाही काळा, आणि दुसऱ्या दाबाला ० उजळतो.

हे करताना एकदा घोळ झाला, तुमचाही होईल म्हणून सांगतो. ७४९३ च्या डेटाशीटमध्ये `QA` हा एकाच्या वजनाचा असतो आणि माझ्या मॅपमध्ये `A` आठाचा. अक्षराला अक्षर जोडलं तर १ च्या जागी ८ दिसतो. तारांवर ८, ४, २, १ अशा चिठ्ठ्या चिकटवल्यावर ते थांबलं.

विझवण्यानं सगळं सुटत नाही. चालू होताना ४ आला तर तो अंक म्हणून बरोबर आहे, गोल म्हणून चूक. त्यासाठी सप्लाय येतानाच रिसेट द्यायला हवा. उरलेल्या एका अँडनं ८ आणि २ जोडायचे, त्याचं आउटपुट एका डायोडमधून आणि कपॅसिटर-रेझिस्टरची सुरुवातीची नाडी दुसऱ्या डायोडमधून, दोन्ही एकत्र केलेल्या रिसेट पायांवर आणायची. तिथून ग्राउंडला १० किलोओहम. कपॅसिटर थेट रिसेट पायावर लावायचा नाही, नाहीतर दहाची ती बारीक नाडी त्यातच गिळली जाईल. डायोड आणलेत, रविवारी जोडतो. मग बाराही अँड वापरात येतील.