रेडिएशनचे सहा आठवडे आणि माझा रजेचा अर्ज

यांच्या तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं की मानेतल्या एका गाठीचं आवरण फोडून रोग बाहेर आला होता. त्यामुळे डॉक्टरांनी नुसतं रेडिएशन न देता सोबत केमोही सांगितली. रेडिएशनची ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार रोज, म्हणजे सहा आठवडे, आणि दर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनची सलाईन. ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत हे सुरू व्हायलाच हवं, असंही त्यांनी बजावलं.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये बिलिंग आणि डिस्पॅच बघते. सहा दिवसांचा आठवडा. ऑपरेशनच्या वेळीच किरकोळ रजा बऱ्याच संपल्या होत्या. अर्जित रजा शिल्लक होती, पण सिटिंगच्या पहिल्या दिवसापासून सलग घेतली असती तर उपचार संपायच्या आधीच ती संपली असती. खासगी नोकरीत जोडीदाराच्या आजारासाठी वेगळी रजा कायद्यात नाही. ईएसआयचा आजारपणाचा भत्तासुद्धा कामगार स्वतः आजारी पडला तरच मिळतो. म्हणजे जे काही मिळवायचं ते मालकांशी बोलूनच मिळवायचं होतं.

रेडिएशन लगेच सुरू होत नाही. आधी दातांची तपासणी होते, कारण किडका दात नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मग चेहऱ्यावर गरम जाळी बसवून मुखवटा करतात, त्या मुखवट्यात सीटी स्कॅन काढतात आणि त्यावरून प्लॅन तयार व्हायला काही दिवस जातात. हा मधला काळच अर्ज करायचा काळ. माझ्या मते तो वाया घालवू नये. मी त्या दिवसांत रेडिएशन विभागातल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, ‘यांना माणूस सर्वांत जास्त कधी लागेल?’

त्यांनी दिलेल्या उत्तरावरच माझा सगळा अर्ज उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिले दोन आठवडे पेशंट बऱ्यापैकी चालता-बोलता असतो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलायला लागतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त, आणि शेवटचं सिटिंग झालं म्हणजे संपलं असं नाही, पुढचे दोन आठवडे तोंड तसंच राहतं. नातेवाईक सुरुवातीला धावपळ करतात, सगळी रजा तेव्हाच वापरतात आणि नेमकी नाकातून अन्नाची नळी घालायची वेळ येते तेव्हा घरात कुणी नसतं, असंही ते म्हणाले. म्हणून मी ठरवलं की मोठी रजा शेवटासाठी राखायची आणि सुरुवात वेळेच्या सवलतीवर काढायची.

मग मशीनवरच्या टेक्निशियनला भेटले. मशीनवर रोजची वेळ तेच ठरवतात. प्रत्यक्ष सिटिंग दहा-पंधरा मिनिटांचं, पण थांबणं, कपडे बदलणं, मुखवटा बसवणं धरून तास-दीड तास जातो. नोकरी सांगितल्यावर त्यांनी सकाळची लवकरची वेळ दिली. ही वेळ पक्की झाल्याशिवाय कंपनीत ‘मी किती वाजता येईन’ हे सांगताच येत नाही.

डॉक्टरांचं पत्र हा पुढचा अडथळा. रुग्णालयातून आधी मिळालं ते एका ओळीचं होतं, ‘सदर रुग्ण उपचार घेत आहे’. त्यावर एचआर काहीच करू शकत नाही. मी निवासी डॉक्टरांना नम्रपणे सांगितलं की मला सिटिंगची संख्या, सुरू होण्याची तारीख, केमोचा वार, त्रास वाढण्याचा अपेक्षित काळ आणि सोबत माणूस लागतो, एवढं एकाच पत्रात हवं आहे. कागदावर लिहूनच नेलं होतं. त्यांनी त्यावरून दुसरं पत्र करून दिलं.

अर्जित रजेबाबत आमच्याकडे एक नियम आहे. ती वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा तोडून घेता येत नाही. हा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यातून आलेला. दर आठवड्याच्या केमोला एकेक दिवस अर्जित रजा टाकली असती तर तीन केमोतच पुढचा रस्ता बंद झाला असता. म्हणून केमोच्या दिवसांसाठी उरलेली किरकोळ रजा आणि ती संपल्यावर बिनपगारी, आणि अर्जित रजा एकाच तुकड्यात, असं मी अर्जात मांडलं. अर्ज इंग्रजीत टाइप केला होता. मुख्य भाग मराठीत असा:

‘आठवडा १ आणि २: सोमवार ते शुक्रवार सकाळी ११ वाजता हजर होईन आणि ७ पर्यंत थांबेन. मंगळवारी केमो असल्याने रजा. शनिवारी रेडिएशन नसते, त्या दिवशी पूर्ण वेळ आणि दोन तास जास्त.

आठवडा ३ आणि ४: ११ ते ३ कार्यालयात, उरलेले बिलिंग संध्याकाळी घरून. मंगळवारी रजा, शनिवारी पूर्ण वेळ.

आठवडा ५ ते ८: सलग अर्जित रजा. मात्र जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या विवरणपत्रांचे काम घरून करीन, आणि त्या दिवसांची अर्धीच रजा धरावी.

मशीन बंद पडल्यास, सुट्टी आल्यास किंवा रक्ताच्या तपासणीत पेशी कमी आल्यास सिटिंग किंवा केमो पुढे जाते. तसे झाल्यास वरील आठवडे तितकेच पुढे सरकतील आणि मी आदल्या संध्याकाळी ६ पर्यंत कळवीन. पेशंटला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आल्यास मला लगेच निघावे लागेल.’

रजेच्या दिवशी काम करायचं कबूल करत असाल तर ते असं लिहून घ्यावंच. तोंडी राहिलं तर रजाही खर्ची पडते आणि रोजचं कामही मागे लागतं. आठवड्यांच्या जागी तारखा न लिहिण्यालाही कारण आहे. केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी कमी असल्या किंवा मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असलं तर केमो होत नाही. तारखा घातल्या असत्या तर पहिल्याच बदलाला नवीन अर्ज करावा लागला असता.

प्लँट मॅनेजरांनी अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न केला, ‘मॅडम, घरात दुसरं कुणी नाही काय?’ मला राग आला नाही, कारण हा प्रश्न येणारच. मी सांगितलं, सासूबाई दिवसभर जवळ बसतात पण रुग्णालयात एकट्या नेऊ शकत नाहीत, दीर गोव्यात नोकरीला, ते शनिवारी रात्री येतात आणि रविवार सांभाळतात. दुसरी शंका खरी कामाची होती. गाडी गेटवर भरून उभी आहे आणि ई-वे बिल करायला मी जागेवर नाही, तर काय? ई-वे बिलाच्या पोर्टलवर दुसऱ्यासाठी उप-वापरकर्ता खातं करता येतं. गेटपास लिहिणाऱ्या मुलाला ते देऊ या, दोन शनिवारी मी त्याला शिकवते, असं मी सुचवलं. सकाळी ११ च्या आत निघणाऱ्या गाड्या तो बघणार, बाकीच्या मी. मॅनेजरांना हे पटलं. माझ्या रजेपेक्षा त्यांना गाडी अडकण्याची काळजी होती, आणि तिचं उत्तर अर्जासोबतच मिळालं.

मंजुरी तोंडी नको, ईमेलवर द्या, असं मी मागितलं. एचआरने चार ओळींत दिली, आणि ‘दोन आठवड्यांनी फेरविचार’ अशी अट घातली. मला ती अट चांगली वाटली, कारण तेव्हा मलाही वेळ बदलून मागता येणार होती.

पुढे सगळं बरंचसं डॉक्टरांनी सांगितल्यासारखंच घडलं. पहिल्या दोन आठवड्यांत हे स्वतः चालत मशीनपर्यंत जायचे. मंगळवार मात्र पूर्ण जायचा, कारण सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर मूत्रपिंडाला जपण्यासाठी सलाईन चढवतात. तिसऱ्या आठवड्यात भाकरी बंद झाली, आमटीतलं तिखट सोसेना, मग मऊ भात, मग नाचणीची आंबील. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पांढरे चट्टे पडले, लाळ घट्ट होऊन धाग्यासारखी यायची आणि रात्रीत अनेकदा उठून मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी लागायची. चौथ्या आठवड्यात मशीन दुरुस्तीला बंद राहिलं आणि त्याच सुमाराला पेशी कमी आल्यामुळे एक केमो पुढे ढकलली. आदल्या संध्याकाळी मेसेज टाकला, आठवडे सरकले, कुणी काही विचारलं नाही.

दर सोमवारी वजन करायचे. ते झपाट्याने उतरायला लागलं तसं डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितली. तेव्हा माझी सलग रजा सुरू झालेली होती. नळीतून दर दोन-अडीच तासांनी गाळलेलं पातळ अन्न सिरिंजने हळूहळू सोडायचं, उशा लावून बसवून, आधी नळी जागेवर आहे का ते बघून आणि शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. घाईने ढकललं तर उलटी होते, आडवं असताना दिलं तर फुप्फुसात जाण्याची भीती. हे दुपारच्या सुट्टीत घरी येऊन उरकण्यासारखं काम नाही. सासूबाई नळीच्या दुसऱ्या आठवड्यात हे शिकल्या, पण रात्री त्यांच्यावर सोपवणं मला बरोबर वाटलं नाही.

सिटिंग संपल्यावरचे पहिले दहा-बारा दिवस सर्वांत अवघड गेले. रोज रुग्णालयात जाणं थांबल्यामुळे विचारायलाही कुणी समोर नसतं. तोंड भरून यायला लागलं, नळी निघाली आणि मग मी रुजू झाले.

रुजू होताना एक छोटं पत्र आणखी दिलं. सवलतीची वेळ आजपासून संपली हे त्यात लिहिलं, म्हणजे हजेरीत गोंधळ राहत नाही. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, तेव्हा सोबत जायला अर्धा दिवस मिळावा, तारीख आठवडाभर आधी कळवीन, हेही त्याच पत्रात मागितलं. एचआरने त्यावर ‘मंजूर’ लिहून सही केली आणि एक प्रत मला दिली.