सासूबाईंची काळी कॉफी आणि सोमवारची गोळी

मागच्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीजवळ घसरल्या आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडावं, हे यवतमाळच्या डॉक्टरांना खटकलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी नागपूरला पाठवलं. टी-स्कोअर उणे २.८ आला. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात.

गावात आलो तर जो तो कॉफीलाच दोष देऊ लागला. सासूबाई चिडल्या, "काफी काऊन सोडू बाप्पा?"

डॉक्टरांनी नीट समजावलं. कॉफीनं लघवीवाटे कॅल्शियम जातं हे खरं, पण एका कपामागे दोन-तीन मिलिग्रॅमच. कपात दोन मोठे चमचे दूध पडलं की भरपाई होते. आमच्याकडे दुखणं वेगळं होतं. दूध सगळं डेअरीला जायचं. सासूबाईंच्या पोटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि दिवसभर काळी कॉफी. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते मुळातच कमी पडत असेल, तर कॉफीनं जाणारं थोडंही जड जातं.

आता अर्धा लिटर दूध आधी घरात ठेवते, मगच बरणी डेअरीला जाते. त्यातून जवळपास निम्मी गरज भागते. दूध, दही, ताक, काहीही चालतं. भाकरीसोबत तिळाची चटणी असते आणि कॅल्शियमची गोळी जेवणानंतर. कॉफी दोनच कप, दूध घालून.

कॉफीची खरी काळजी घ्यावी लागते ती हाडांची झीज रोखणाऱ्या आठवड्याच्या गोळीशी, अ‍ॅलेन्ड्रोनेटशी. मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टरांनी ती सुरू केली. ही गोळी मुळातच शंभरातला एक भागसुद्धा अंगी लागत नाही, आणि कॉफीसोबत घेतली तर त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया जातं. चहा-दुधाबरोबरही घ्यायची नाही.

म्हणून बाजाराचा सोमवार धरला. सकाळी उठल्या की उपाशीपोटी गोळी आणि पेलाभर साधं पाणी मीच हातात देते. चावायची नाही, सरळ गिळायची. मग त्या ओट्यावर ताठ बसून तांदूळ निवडतात. अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. त्यानंतरच मी कॉफीचं आधण ठेवते. छातीत जळजळ झाली किंवा गिळताना दुखलं, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना विचारायचं.

पोळ्याच्या गडबडीत एक सोमवार हुकला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दिली आणि पुढची पुन्हा सोमवारीच. एका दिवशी दोन गोळ्या कधीच द्यायच्या नाहीत.